हमीभावाच्या तक्त्यातून पिकांच्या वार्षिक वाढीची तुलना करताना उत्तर दर वेळी वेगळे का येते, आणि ते कसे दुरुस्त करावे

अनेक वर्षांचे हमीभाव एका तक्त्यात मांडले की पुढचा प्रश्न ठरलेला असतो: कोणत्या पिकाचा भाव दरवर्षी सरासरी अधिक वाढला? प्रश्न साधा दिसतो, परंतु त्याच तक्त्यावर दोन माणसे बसली तर बहुधा दोन वेगळी उत्तरे येतात, आणि दोघांची आकडेमोड तपासली तर बेरीज-भागाकारात चूक कोठेही सापडत नाही. एकाच्या मते तुरीचा भाव सर्वांत वेगाने वाढलेला असतो, तर दुसऱ्याच्या मते ज्वारीची वाढ तुरीच्या दुप्पट असते. ही अडचण पुन्हा पुन्हा उद्भवते, कारण तिचे मूळ आकडेमोडीत नसून ‘सरासरी वार्षिक वाढ’ या शब्दांनी नेमके काय मोजायचे हे आधी न ठरवण्यात आहे.

पुढील तक्ता केंद्र सरकारने जाहीर केलेल्या खरीप हंगामाच्या किमान आधारभूत किमतींचा आहे. सर्व आकडे रुपये प्रतिक्विंटल आहेत. ज्वारी संकरित आणि सोयाबीन पिवळे आहे.

| हंगाम | तूर | सोयाबीन | ज्वारी |
|---|---|---|---|
| २०१४-१५ | ४३५० | २५६० | १५३० |
| २०१५-१६ | ४६२५ | २६०० | १५७० |
| २०१६-१७ | ५०५० | २७७५ | १६२५ |
| २०१७-१८ | ५४५० | ३०५० | १७०० |
| २०१८-१९ | ५६७५ | ३३९९ | २४३० |
| २०१९-२० | ५८०० | ३७१० | २५५० |
| २०२०-२१ | ६००० | ३८८० | २६२० |
| २०२१-२२ | ६३०० | ३९५० | २७३८ |
| २०२२-२३ | ६६०० | ४३०० | २९७० |
| २०२३-२४ | ७००० | ४६०० | ३१८० |
| २०२४-२५ | ७५५० | ४८९२ | ३३७१ |

लक्षण: क्रमवारी पद्धतीनुसार फिरते

पहिल्या आणि शेवटच्या हंगामातील फरक घेऊन त्याला वर्षांनी भागले, तर तुरीची वाढ दरवर्षी ३२० रुपये, सोयाबीनची २३३ रुपये आणि ज्वारीची १८४ रुपये येते. येथे तूर पहिली आणि ज्वारी शेवटची आहे. हेच फरक मूळ भावाच्या टक्केवारीत मांडून मग वर्षांनी भागले, तर ज्वारी १२.०, सोयाबीन ९.१ आणि तूर ७.४ टक्के अशी क्रमवारी बरोबर उलटी होते. यांपैकी रुपयांतील उत्तर चुकीचे नाही. क्विंटलमागे हातात किती रुपये अधिक आले, असा प्रश्न असेल तर तेच उत्तर योग्य आहे. मात्र ज्या पिकाचा भाव मुळातच चार हजारांच्या वर आहे, त्याची रुपयांतील वाढ दीड हजार भाव असलेल्या पिकापेक्षा मोठी दिसणे स्वाभाविक आहे, आणि त्यावरून वेगाची तुलना करता येत नाही. वेगाचा प्रश्न असेल तर टक्क्यांकडेच जावे लागते.

टक्केवारीतील पहिली चूक: एकूण वाढीला वर्षांनी भागणे

ज्वारीचे १२.० टक्के हे उत्तर खरे आहे की नाही, हे तपासण्याचा एक खात्रीचा मार्ग आहे. जो वार्षिक दर काढला तो पहिल्या भावावर दरवर्षी चढवत जावे आणि शेवटच्या वर्षी तक्त्यातील भाव येतो का ते पाहावे. १५३० रुपयांवर १२.०३ टक्के दराने दहा वेळा वाढ चढवली, तर सुमारे ४७६५ रुपये येतात, आणि तक्त्यात तर ३३७१ आहेत. हा फरक येतो, कारण प्रत्यक्षात दर वर्षाची वाढ आदल्या वर्षाच्या वाढलेल्या भावावर होते, तर भागाकार करताना आपण ती सर्व वाढ २०१४-१५ च्या भावावर झाली असे धरतो. ही चूक सर्व पिकांना सारखी लागू असती तर तुलना तरी टिकली असती, पण तसे होत नाही. एकूण वाढ जितकी मोठी, तितका हा आकडा जास्त फुगतो, त्यामुळे ज्वारीची आणि तुरीची दरी वास्तवापेक्षा रुंद दिसते.

योग्य आकडा चक्रवाढ वार्षिक वाढदराचा. हंगाम A स्तंभात आणि तूर, सोयाबीन, ज्वारी अनुक्रमे B, C, D स्तंभांत दुसऱ्या ओळीपासून भरलेली असतील, तर ज्वारीसाठी सूत्र असे होते:

```
=(D12/D2)^(1/(ROWS(D2:D12)-1))-1
```

या सूत्रातील वजा एक विसरू नये. तक्त्यात अकरा हंगाम आहेत, पण त्यांच्यामधली अंतरे दहाच आहेत, आणि वाढ अंतरांत होते, हंगामांत नाही. अकराने भागल्यास ज्वारीचा दर ८.२ ऐवजी ७.४ टक्के येतो. ओळी मोजण्याचे काम सूत्रालाच दिले की तक्त्यात पुढचा हंगाम जोडून कक्षा वाढवली तरी ही चूक परत शिरत नाही.

या पद्धतीने ज्वारी ८.२, सोयाबीन ६.७ आणि तूर ५.७ टक्के असे दर मिळतात. १५३० वर दरवर्षी ८.२२ टक्के चढवल्यास दहाव्या वर्षी ३३७१ च्या आसपास पोहोचता येते, म्हणजे पडताळणी जुळते. वार्षिक टक्केवाऱ्या एकेक काढून त्यांची साधी सरासरी घेणे हा तिसरा प्रचलित मार्ग आहे. तो तुरीसाठी ५.७ टक्के हेच उत्तर देतो, पण ज्वारीसाठी ८.७ देतो, आणि ८.७४ टक्क्यांनी चढवत गेल्यास ३५३७ रुपये येतात, जे तक्त्याशी जुळत नाहीत. एका पिकात दोन्ही पद्धती जुळाव्यात आणि दुसऱ्यात जुळू नयेत, हा नुसता योगायोग समजून पुढे जाऊ नये. साधी सरासरी आणि चक्रवाढ दर यांत जेव्हा अर्ध्या टक्क्याचा फरक पडतो, तेव्हा त्या मालिकेत कोठेतरी मोठी उडी दडलेली असते. बहुतेक तुलना येथेच फसतात, म्हणून याकडे अधिक बारकाईने पाहणे आवश्यक आहे.

खरे कारण: एका वर्षाची उडी आणि आरंभवर्षाची निवड

ज्वारीचा स्तंभ वरून खाली वाचला तर २०१७-१८ मध्ये १७०० आणि लगेच पुढच्या हंगामात २४३० असे आकडे दिसतात. ही एका वर्षातील ४२.९ टक्के वाढ आहे. दहा वर्षांत ज्वारीचा भाव १८४१ रुपयांनी वाढला, त्यातील ७३० रुपये, म्हणजे सुमारे ४० टक्के वाढ, या एकाच हंगामातील आहे. तुरीच्या स्तंभात त्याच वर्षी केवळ ४.१ टक्के वाढ दिसते.

याचे कारण धोरणात आहे. २०१८ च्या अर्थसंकल्पात खरिपाचा हमीभाव उत्पादनखर्चाच्या किमान दीडपट ठेवण्याची घोषणा झाली. त्या हंगामासाठी ज्वारीचा खर्च, निविष्ठांवरील प्रत्यक्ष खर्च आणि घरच्या मजुरीचे मूल्य धरून, क्विंटलला १६१९ रुपये धरला गेला. त्याची दीडपट २४२८ रुपये ५० पैसे होते, आणि भाव २४३० जाहीर झाला. म्हणजे ज्वारीचा भाव त्या वर्षी नव्या निकषाच्या पातळीवर नेऊन बसवला गेला. तुरीचा खर्च याच पद्धतीने ३४३२ रुपये होता, त्याची दीडपट ५१४८ होते, आणि तुरीचा आदल्या वर्षीचा भावच ५४५० होता. तुरीला उडी मारण्याची गरजच नव्हती. तेव्हा ही ४२.९ टक्क्यांची वाढ एकदाच झालेली फेररचना आहे, आणि ज्वारीच्या भावाची दरवर्षीची चाल म्हणून तिला दहा वर्षांवर पसरवणे बरोबर नाही.

आता आरंभवर्ष बदलून पाहावे. शेवटचे वर्ष २०२४-२५ कायम ठेवून सुरुवात २०१७-१८ पासून केली, तर ज्वारीचा चक्रवाढ दर १०.३ टक्के आणि तुरीचा ४.८ टक्के येतो. ‘ज्वारीची वाढ तुरीच्या दुपटीहून अधिक’ हे वाक्य येथून जन्माला येते. सुरुवात केवळ एक हंगाम पुढे, २०१८-१९ पासून केली, तर ज्वारी ५.६ आणि तूर ४.९ टक्के, म्हणजे दोन्ही जवळजवळ बरोबरीने चाललेली दिसतात. सूत्र तेच आहे, तक्ता तोच आहे, आणि दोन्ही वेळा गणित निर्दोष आहे. एक वर्ष सरकवल्याने जी तुलना दुपटीवरून बरोबरीवर येते, ती तुलना पिकांबद्दल काहीही सांगत नाही. ती फक्त त्या एका उडीच्या अलीकडून मोजले की पलीकडून, एवढेच सांगते.

म्हणूनच चक्रवाढ दर हा शेवटचा उपाय मानू नये. त्याच्या सूत्रात पहिला आणि शेवटचा असे दोनच आकडे जातात, मधल्या नऊ आकड्यांत काय घडले याची त्याला दाद नसते. यावर सर्व आकडे वापरणारी कलरेषा बसवावी असे सुचवले जाते, आणि एक्सेलमध्ये तिचा वार्षिक दर `=INDEX(LOGEST(D2:D12),1)-1` या सूत्राने मिळतो. पण येथे त्याने ज्वारी ९.१ आणि तूर ५.२ टक्के असे दर येतात, म्हणजे दरी उलट वाढते. रेषा उडीला उडी म्हणून ओळखत नाही. ती तिला चढ समजते. लहानसहान चढउतार असलेल्या मालिकेसाठी, उदाहरणार्थ पावसावर हेलकावणाऱ्या उत्पादनाच्या आकड्यांसाठी, कलरेषा उत्तम आहे, परंतु पायरीसारख्या तुटलेल्या मालिकेसाठी ती उपयोगाची नाही.

उपाय: उडी वेगळी काढून दोन्ही आकडे मांडावेत

प्रथम शेजारच्या स्तंभात प्रत्येक वर्षाची टक्केवारी काढावी. `=D3/D2-1` हे सूत्र तिसऱ्या ओळीत लिहून बाराव्या ओळीपर्यंत ओढले की दहा आकडे मिळतात. त्यांचा मध्यक, म्हणजे चढत्या क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा आकडा, `MEDIAN` ने काढावा. ज्वारीच्या दहा वार्षिक वाढींचा मध्यक ४.८ टक्के येतो, तुरीचा ५.५ आणि सोयाबीनचा ६.९. चक्रवाढ दराच्या यादीत पहिली असलेली ज्वारी येथे शेवटी गेली. सोयाबीनचे दोन आकडे, चक्रवाढ ६.७ आणि मध्यक ६.९, एकमेकांना धरून आहेत, तुरीचेही तसेच आहेत, आणि ज्वारीचे मात्र ८.२ विरुद्ध ४.८ असे फाकलेले आहेत. चक्रवाढ दर आणि मध्यक यांत इतकी फारकत दिसली की त्या पिकाचा एकच सरासरी आकडा छापू नये.

त्यानंतर ते एक अंतर काढून टाकून उरलेल्या नऊ अंतरांचा चक्रवाढ दर काढावा. एकूण पटीला उडीच्या पटीने भागले की काम होते:

```
=((D12/D2)/(D6/D5))^(1/9)-1
```

तेच अंतर इतर पिकांतूनही काढले पाहिजे, नाही तर एका पिकासाठी नऊ वर्षे आणि दुसऱ्यासाठी दहा असा नवाच अन्याय होतो. अशा रीतीने ज्वारी ४.९, तूर ५.८ आणि सोयाबीन ६.२ टक्के असे दर येतात. आता चित्र स्पष्ट होते: २०१८-१९ ची फेररचना सोडली, तर उरलेल्या वर्षांत ज्वारीचा भाव तिघांत सर्वांत सावकाश वाढला, आणि दहा वर्षांच्या अखेरीस ती जी पुढे दिसते ती केवळ त्या एका हंगामामुळे. ही दोन्ही विधाने खरी आहेत आणि दोन्ही एकत्र दिल्याशिवाय कोणतेही एक प्रामाणिक होत नाही. उडी लपवून फक्त ४.९ टक्के छापणे हेही तितकेच दिशाभूल करणारे ठरेल, कारण ते ७३० रुपये ज्वारीच्या जाहीर भावात खरोखरच मिळाले आहेत.

मालिका जोडण्यापूर्वी आणखी एक गोष्ट पाहावी लागते, ती म्हणजे सर्व वर्षांचा आकडा एकाच व्याख्येचा आहे का. तुरीच्या २०१७-१८ च्या ५४५० रुपयांत २०० रुपयांचा बोनस मिसळलेला आहे, मूळ हमीभाव ५२५० होता. २०१५-१६ आणि २०१६-१७ च्या आकड्यांतही असाच बोनस आहे, तर २०१८-१९ पासून तो नाही. २०१४-१५ ते २०२४-२५ या तुलनेत दोन्ही टोके बोनसविना असल्यामुळे चक्रवाढ दराला धक्का लागत नाही. पण सुरुवात २०१७-१८ पासून केली, तर बोनससह तुरीचा दर ४.८ आणि बोनस वगळून ५.३ टक्के येतो. अर्धा टक्का केवळ तळटीप न वाचल्यामुळे इकडचा तिकडे होतो. सोयाबीनच्या २०१६-१७ आणि २०१७-१८ च्या आकड्यांनाही अशीच तळटीप आहे.

‘इतक्या पट वेगाने’ हे गुणोत्तर टाळावे

आतापर्यंतच्या आकड्यांतून ज्वारी आणि तूर यांच्या वाढीचे गुणोत्तर काढत गेलो, तर रुपयांत ते ०.५८ येते, सरळ भागाकाराने १.६, चक्रवाढ दराने १.४५, आरंभवर्ष बदलून २.२ किंवा १.१५, आणि उडी वगळून ०.८४. एका तक्त्यातून सहा गुणोत्तरे निघतात आणि त्यांतील प्रत्येकासमोर ‘पट’ हा ठाम शब्द लावता येतो.

हा दोष दुरुस्त होण्यासारखा नाही, कारण तो रचनेतच आहे. वाढीचा दर हा छोटा आकडा असतो, आणि छोट्या आकड्याने भागताना छेदातील किंचित फरकही उत्तर हलवतो. याचे टोकाचे उदाहरण याच पिकांत आहे: २०१३-१४ मध्ये सोयाबीनचा हमीभाव २५६० होता आणि २०१४-१५ मध्येही २५६० च राहिला. त्या वर्षी ज्वारी १५०० वरून १५३० झाली, म्हणजे २ टक्के वाढली. ज्वारीची वाढ सोयाबीनच्या किती पट, या प्रश्नाला तेथे उत्तरच नाही, कारण छेदात शून्य येतो. सोयाबीनचा भाव पाच रुपयांनी जरी वाढला असता, तरी उत्तर दहा पट आले असते. जो मापदंड पाच रुपयांनी अनंतावरून दहावर येतो, तो तुलनेसाठी वापरू नये. वार्षिक गुणोत्तरे काढून त्यांची सरासरी घेणे तर याहून वाईट, कारण असे एकच वर्ष सगळी सरासरी गिळून टाकते.

दरांची तुलना वजाबाकीने करावी आणि फरक टक्केबिंदूंत सांगावा: ज्वारीचा चक्रवाढ दर तुरीपेक्षा सुमारे अडीच टक्केबिंदूंनी अधिक, किंवा उडी वगळल्यास जवळजवळ एका टक्केबिंदूने कमी. छेद शून्याजवळ गेला तरी वजाबाकी बिघडत नाही.

गुणोत्तर हवेच असेल, तर ते वाढीचे न काढता भावांचे काढावे. एक क्विंटल तुरीच्या हमीभावात किती क्विंटल ज्वारी बसते, हा आकडा प्रत्येक वर्षासाठी `=B2/D2` एवढ्या साध्या भागाकाराने मिळतो. २०१४-१५ मध्ये तो २.८४ होता. पुढे तो वाढत जाऊन २०१७-१८ मध्ये ३.२१ झाला, म्हणजे तोवर तूर ज्वारीच्या पुढे पळत होती. २०१८-१९ मध्ये तो एकदम २.३४ वर उतरला, आणि त्यानंतरच्या सहा वर्षांत २.२४ पर्यंत, म्हणजे फारच थोडा, घसरला. या स्तंभात आरंभवर्ष निवडण्याचा प्रश्नच उरत नाही, कारण सर्व वर्षे समोर असतात, आणि उडी कोठे आहे हे वाचणाऱ्याला शोधावे लागत नाही. दोन्ही पिकांना त्या त्या वर्षीची महागाई सारखीच लागू असल्याने ती या भागाकारात आपोआप निघून जाते. चक्रवाढ दर मात्र महागाईसहचे आहेत, त्यामुळे ८.२ टक्क्यांना शेतकऱ्याच्या क्रयशक्तीतील वाढ म्हणता येणार नाही.

अहवालात हे सर्व आकडे द्यावे लागत नाहीत. पुढील मजकूर पुरेसा आहे: ‘२०१४-१५ ते २०२४-२५ या दहा वर्षांत संकरित ज्वारीचा हमीभाव चक्रवाढ पद्धतीने वर्षाला ८.२ टक्के आणि तुरीचा ५.७ टक्के वाढला. ज्वारीच्या एकूण वाढीपैकी सुमारे ४० टक्के वाढ २०१८-१९ या एका हंगामात, दीडपट खर्चाच्या निकषामुळे झाली. तो हंगाम वगळता वार्षिक दर ज्वारीचा ४.९ आणि तुरीचा ५.८ टक्के आहे. आकडे जाहीर हमीभावाचे असून बाजारात प्रत्यक्ष मिळालेल्या दराचे नाहीत.’